पितृसत्ता आणि ऊसतोडीचा कोयता

पितृसत्ता म्हणजे एखाद्या पुरुषाचा तापट किंवा हुकूमशाही स्वभाव नव्हे. घर, शेत, बाजार, देऊळ आणि सरकारी कचेरी या सगळ्या ठिकाणी मालमत्ता, श्रम, शरीर आणि निर्णय यांवर पुरुषांचा हक्क गृहीत धरणारी ती व्यवस्था आहे. तिला चालवायला वाईट पुरुषांची गरज नसते. प्रेमळ नवराही तिचा लाभार्थी असतो, आणि सासूही तिची अंमलदार असू शकते. स्त्रियांचे दुय्यमत्व निसर्गाने ठरवलेले नाही, याबाबत स्त्रीवादाच्या सर्व शाखांचे एकमत आहे. मतभेद आहे तो या दुय्यमत्वाचे मूळ कुठे आहे आणि घाव कुठे घालायचा, यावर. हा मतभेद नीट कळण्यासाठी बीड जिल्ह्यातील ऊसतोडणीचे उदाहरण घेता येते.

ऊसतोडीत मजुरीचा व्यवहार माणसावर नव्हे तर कोयत्यावर होतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामापूर्वी मुकादम उचल देतो. ती बहुधा नवऱ्याच्या हाती पडते आणि हिशेबही त्याच्याच नावावर चालतो. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांच्या भागात जातात आणि चार-पाच महिने कोप्यांमध्ये राहतात. शेतात साधारणपणे पुरुष ऊस तोडतो; बाई पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरते. मजुरी टनावर मिळते. एक दिवस काम चुकले तर खाडा, म्हणजे दंड. एकट्या बाईला अर्धा कोयता धरतात, आणि तिला टोळीत जागा मिळणेही अवघड असते.

याच स्त्रियांमध्ये पिशवी काढून टाकण्याचे प्रमाण असाधारण असल्याचे उघड झाले, तेव्हा 2019 साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील 82 हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते, आणि त्यांत चाळिशीच्या आतल्या बायका मोठ्या संख्येने होत्या.

उदारमतवादी स्त्रीवाद या घटनेकडे हक्कांच्या अंगाने पाहतो. मेरी वुलस्टनक्राफ्टने 1792 मध्ये आणि जॉन स्टुअर्ट मिलने 1869 मध्ये मांडलेला विचार असा की स्त्री ही पुरुषासारखीच विवेकी, स्वतंत्र व्यक्ती आहे; तिला मागे ठेवतात ते अन्यायी कायदे, शिक्षणाचा अभाव आणि रूढी. या नजरेला ऊसतोडीत पहिली खटकणारी गोष्ट दिसते ती ही की बाई व्यवहारात व्यक्ती म्हणून अस्तित्वातच नाही. समान कामाला समान वेतन देणारा कायदा 1976 मध्ये झाला, पण जोडीला मिळून एकच दर असल्यामुळे तुलना करायला तिची वेगळी मजुरीच सापडत नाही. म्हणून उपाय सुचतात ते असे: करारात तिचे नाव, तिच्या खात्यात पैसे, स्वतंत्र ओळखपत्र, आणि शस्त्रक्रियेपूर्वी धोके समजावून घेतलेली खरी संमती. हे उपाय लहान मानू नयेत. तालुक्याच्या कचेरीत उद्या मागता येतील असे तेवढेच आहेत. पण खात्यात आलेले पैसे घरी कोणाच्या हाती जातात, या प्रश्नापाशी ही मांडणी थांबते. उंबरठ्याच्या आतला भाग ती खासगी मानत आली.

जहाल स्त्रीवादाची सुरुवात नेमकी उंबरठ्याच्या आत होते. केट मिलेट आणि शुलामिथ फायरस्टोन यांची पुस्तके 1970 साली आली आणि लग्न, लैंगिकता, बाळंतपण हेच सत्तेचे मुख्य क्षेत्र ठरले. या मांडणीनुसार पितृसत्ता वर्गव्यवस्थेतून निघालेली नाही. ती स्वतंत्र आहे, आणि स्त्रीच्या शरीरावरील ताबा हा तिचा पाया आहे. ऊसतोडीत हा ताबा लहानपणापासून दिसतो. आईबाप हंगामाला जाताना वयात आलेल्या मुलीला गावी एकटी ठेवायला घाबरतात आणि तिचे लग्न लवकर उरकतात. लग्न झाले की नवा कोयताही तयार होतो. विशी-बाविशीत दोन-तीन मुले होतात. कोपीला धड दार नसते, न्हाणी नसते. मुकादमाकडून किंवा इतर पुरुषांकडून त्रास झाला तरी बाई बोलत नाही, कारण संशय तिच्यावरच येतो. पुढे अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे सुरू होते. डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो, आणि मुले झाली म्हणजे पिशवीचे काम संपले असे घरचेही म्हणतात. स्त्रीचे शरीर मुलांपुरते आणि कामापुरतेच मोजले जाते, हे जहाल स्त्रीवादाइतके स्पष्टपणे इतर कोणी सांगत नाही. मात्र सगळ्या स्त्रियांना एकच पीडित गट मानल्यावर कारखान्याच्या संचालकाची बायको आणि टोळीतली बाई एका रांगेत येतात. शस्त्रक्रियांचा एवढा भार टोळीतल्या बाईवरच का पडला, याचे उत्तर मग मिळत नाही.

ते उत्तर समाजवादी स्त्रीवाद देतो. एंगल्सने 1884 मध्ये स्त्रीच्या पराभवाचा संबंध खासगी मालमत्तेशी जोडला होता. पुढे हायडी हार्टमन यांनी 1979 च्या निबंधात दाखवले की मार्क्सवाद एकटा पुरत नाही: भांडवलाला स्वस्त श्रम हवेत हे तो सांगतो, पण ते श्रम बाईनेच का करायचे हे सांगत नाही. म्हणून भांडवलशाही आणि पितृसत्ता एकमेकींना कसा आधार देतात, ते पाहावे लागते.

समजा एका जोडीने दिवसात दोन टन ऊस भरला. काट्यावर दोन टनांची नोंद होते. पहाटे अंधारात उठून बाईने केलेल्या भाकरी, भरलेले पाणी, सांभाळलेले मूल आणि रात्री धुतलेले कपडे या नोंदीत येत नाहीत. हे सारे विकत घ्यावे लागले असते तर सध्याच्या दरात कोणताही मजूर जगला नसता. दर वाढवावा लागला असता. म्हणजे तिच्या फुकट कामाचा फायदा आधी नवऱ्याला आणि मग कारखान्याला मिळतो. पाळीच्या दिवसांत तिला बसावे वाटले तर खाडा पडतो. पिशवी काढली की पाळीही जाते आणि खाडाही टळतो, असा हिशेब मग मांडला जातो. शस्त्रक्रियेचा खर्च अनेकदा मुकादमाकडून घेतलेल्या पैशातून होतो. ती रक्कम उचलीत चढते आणि फेडण्यासाठी पुढचा हंगाम बांधला जातो. ऑपरेशननंतर कंबरदुखी आणि अशक्तपणा घेऊन तीच बाई पुन्हा मोळी उचलते. कर्ज, मजुरीचा दर आणि नवऱ्याचा हक्क यांची गाठ अशी एकाच शरीरावर बसते.

तरीही या तिन्ही दृष्टींमध्ये एक जागा रिकामी राहते. ऊसतोडीला जाणाऱ्यांत वंजारी, दलित आणि भटक्या-विमुक्त समाजातील कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. कोणाकडे जमीन असावी आणि कोणाच्या बाईने उघड्यावर राबावे, हे जातीने फार पूर्वी ठरवले. युरोप-अमेरिकेत घडलेल्या या मांडण्यांत जात नव्हती. ती उणीव उमा चक्रवर्ती यांनी ब्राह्मणी पितृसत्तेच्या मांडणीतून आणि शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रीवादी भूमिकेतून 1990 च्या दशकात पुढे आणली.

बीडच्या प्रश्नावर सर्वांत दूरपर्यंत जाणारे स्पष्टीकरण समाजवादी स्त्रीवादाचे आहे, पण जहाल स्त्रीवादाने शरीराचा प्रश्न लावून धरला नसता तर पिशवीकडे मजुरीचा प्रश्न म्हणून कोणी पाहिले नसते. जोडीऐवजी प्रत्येक मजुराची स्वतंत्र नोंद आणि स्वतंत्र मजुरी ही मागणी उदारमतवादी असली, तरी ती मान्य होताच कोयत्याचा सगळा हिशेब बदलावा लागेल. म्हणून तिन्ही विचारांच्या संघटनांनी ती एकत्र मांडायला हवी.