अकरावर अडलेला आकडा

जुलै महिना, रिटर्न भरायची धांदल, आणि घाटकोपरच्या एका सीएच्या ऑफिसात बाराही जणांची एकच तक्रार: ‘सर्व्हर स्लो आहे.’ टॅलीचा डेटा, एक्सेलच्या फायली, स्कॅन केलेली कागदपत्रं, सगळं त्या एकाच मशीनवर. नव्या सर्व्हरचं कोटेशनही आलं होतं. ‘साहेब, आधी एक फाइल कॉपी करून बघू,’ दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला.

2 जीबीची फाइल टेबलावरच्या पीसीवर यायला तीन मिनिटं लागली. वेग सेकंदाला 11 एमबी. कमी नाही, जास्त नाही, खिळा ठोकल्यासारखा.

फाइल आधी डिस्कवरून वाचली जाते, मग सर्व्हर ती हाताळतो, मग ती वायरीतून येते. मुलगा सर्व्हरपाशीच बसला आणि तेवढीच दुसरी फाइल डेटाच्या डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर कॉपी केली. दुसरी अशासाठी, की नुकतीच वाचलेली फाइल रॅममध्येच असते. ती झटकन आली तरी डिस्कची परीक्षा होत नाही. अठरा सेकंदांत काम झालं. या कॉपीपुरता डिस्कवरचा संशय मिटला.

पुढची चाचणी iperf3 ची. हा प्रोग्रॅम डिस्कला न शिवता एका मशीनच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत डेटा धाडतो. पहिली ओळ सर्व्हरवर, दुसरी पीसीवर:

```
iperf3 -s
iperf3 -c 192.168.1.10 -R
```

उत्तर आलं 94 Mbits/sec. आठाने भागलं तर पावणेबारा एमबी. वरखर्च वजा जाता अकरा. गिगाबिट लाइनवर हाच आकडा 940 च्या आसपास हवा.

एकाचाच पीसी मंद असता, तर त्याची वायर पाहिली असती. इथे सगळेच रखडले होते, म्हणजे दोष सामाईक वायरीत, सर्व्हर आणि स्विचच्या मधल्या. सर्व्हरवर `Get-NetAdapter` दिल्यावर LinkSpeed दिसला 100 Mbps. गिगाबिटला वायरीतल्या चारही जोड्या लागतात, शंभराला दोन पुरतात. कपाटाच्या पायाखाली चेंगरून एक जोडी तुटली होती. कनेक्शन चालूच राहिलं, म्हणून वायरीकडे कोणी पाहिलंच नाही. नवी वायर लावली आणि तीच फाइल वीस सेकंदांत आली.

आकडा 940 आला असता तर? मग गर्दीच्या वेळी सर्व्हरवर Resource Monitor उघडून डिस्कचा Response Time पाहायचा. फिरणारी हार्डडिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक सुटी वाचनं करते. एकट्याची मोठी फाइल सरळ वाचणारी तीच डिस्क बारा जणांच्या शेकडो बारीक फायलींपुढे दमते. तिथेही काही सापडलं नाही, तरच Task Manager उघडून सर्व्हरकडे वळायचं: रॅम भरली आहे का, अँटिव्हायरसचं स्कॅन किंवा बॅकअप भर दुपारी सुरू आहे का.

कोटेशनचा कागद टेबलावर तसाच होता. त्याच्याच पाठीवर मुलाने तिन्ही चाचण्यांचे आकडे लिहून ठेवले, पुढच्या तक्रारीच्या वेळी ताडून पाहायला.