सततच्या पावसात कुंडीतील गुलाब : आधी निचरा, मग फवारणी

जुलै-ऑगस्टमध्ये कोकण आणि घाटमाथ्यावर दोन-तीन आठवडे सलग पाऊस पडतो. या काळात कुंडीतील गुलाबावर मूळकूज, काळे ठिपके आणि गोगलगायी या तीन अडचणी बहुधा एकत्र येतात. तिन्हींना साचून राहिलेला ओलावा पोषक ठरतो. त्यामुळे औषधाच्या आधी पाण्याचा निचरा पाहावा.

माती ओली, तरी पाने मलूल

पाणी साचले की मातीतील हवेची जागा पाणी घेते. मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि ती पाणी शोषू शकत नाहीत. झाड तहानलेले असल्यासारखी पाने माना टाकतात. अशा वेळी पाणी दिल्यास नुकसान वाढते. म्हणून आधी बोट दोन इंच खोल घालून पाहावे. माती ओली असूनही पाने मलूल असतील, तर अडचण मुळांत आहे.

समजा, गच्चीवर १२ इंची कुंडीतील गुलाबाची अशी अवस्था झाली आहे. कुंडी तिरकी करून तळाच्या छिद्रातून जाड तार घालावी. माती किंवा मुळांमुळे बुजलेले छिद्र मोकळे होते. कुंडीखालची ताटली काढावी आणि छिद्र मोकळे राहील अशा रीतीने कुंडी तीन विटांच्या तुकड्यांवर ठेवावी. सपाट लादीवर टेकलेल्या कुंडीचे छिद्र चांगले असले तरी पाणी बाहेर पडत नाही. त्यानंतर कुंडी दोन-तीन दिवस आडोशाला ठेवावी.

तरीही सुधारणा दिसली नाही, तर मातीचा गड्डा अलगद बाहेर काढावा. निरोगी मुळे पांढरट किंवा फिकट तपकिरी व टणक असतात. कुजलेली मुळे काळपट, मऊ असतात. ओढल्यास साल निघून आतला दोरा हातात राहतो. ती स्वच्छ कात्रीने कापून नवीन मिश्रणात लागवड करावी. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू हे मिश्रण चालते. नवीन फूट दिसेपर्यंत खत देऊ नये. खोडाचा बुंधाच काळा पडला असेल, तर झाड सहसा वाचत नाही.

तळाला खड्यांचा जाड थर घालण्याची पद्धत आहे. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतील पाणी जाड खड्यांत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते तिथेच अडते. छिद्रावर एक खापरी पालथी ठेवणे पुरेसे आहे.

काळे ठिपके

या बुरशीचे ठिपके गोलसर काळे असून त्यांची कड झालरीसारखी असते. भोवतालचे पान पिवळे पडून गळते. सुरुवात खालच्या पानांपासून होते. पान सुमारे सात तास सलग ओले राहिले तर बुरशीची लागण होऊ शकते, आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर ती वरच्या पानांवर जाते.

रोगट व गळलेली पाने वेचून नष्ट करावीत. ती कुंडीत किंवा खताच्या खड्ड्यात टाकू नयेत. दोन कुंड्यांतील पाने एकमेकांना लागणार नाहीत एवढे अंतर ठेवावे. शक्य असल्यास वर पारदर्शक प्लॅस्टिकचे छत करावे. बाजू मोकळ्या ठेवाव्यात. प्रादुर्भाव वाढत असल्यास मॅन्कोझेब २.५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून उघडीप मिळताच पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारावे. वापरापूर्वी लेबल वाचावे. हे बुरशीनाशक निरोगी पानांचे रक्षण करते, पडलेले ठिपके घालवत नाही. जोराच्या पावसाने ते धुऊन जाते.

गोगलगायी

पानांना वेडीवाकडी भोके आणि सकाळी चकाकणारी चिकट रेषा ही शंखाच्या व बिनशंखाच्या गोगलगायींची खूण आहे. त्या दिवसा कुंडीखाली लपतात, म्हणून विटांमधील जागाही रोज पाहावी. संध्याकाळी ओले गोणपाट पसरून त्याखाली कोबीची किंवा पपईची पाने ठेवावीत. सकाळी गोणपाट उचलून जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात व मिठाच्या दाट पाण्यात टाकाव्यात. त्यांच्यात माणसाला अपायकारक परजीवी असू शकतात, म्हणून उघड्या हाताने धरू नयेत. मीठ कुंडीत टाकू नये. मुळांना इजा होते. चुन्याचा पट्टा भिजला की निरुपयोगी ठरतो. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्या-मांजरांना विषारी असल्याने घराच्या गच्चीवर टाळाव्यात.

सलग पावसात दर दोन दिवसांनी छिद्र, खालची पाने आणि कुंडीचा तळ एवढे तीन भाग तपासावेत.