करार संपला, घर सुटत नाही

पुण्यातला भाडेकरू. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार ३१ मे रोजी संपतो आणि स्वतःच्या नव्या फ्लॅटचा ताबा बिल्डरने तीन आठवडे पुढे ढकललेला. तो मालकांना फोन करतो: "काका, जूनचं भाडं देतो, तेवढं राहू द्या." काका 'बघू' म्हणतात. सगळा घोळ या 'बघू'त असतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं २४ वं कलम सांगतं, की राहण्यासाठी दिलेल्या जागेची लायसन्सची मुदत संपली की ताबा परत करायचा. तो न दिल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतात आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागू शकतात. भाडं महिना २५ हजार असेल, तर २१ जूनपर्यंतचे साधे १७,५०० होतात, दुप्पट दराने ३५ हजार. काका चांगले आहेत म्हणून हे कलम निघत नाही. पण त्यांनी १ जूनपासून दुसऱ्याला शब्द दिला असेल, तर चांगुलपणा किती टिकेल सांगता येत नाही.

मालकांची भीतीही खोटी नसते. मुदतीनंतर तोंडी संमतीने भाडं घेत राहिलं, तर उद्या भाडेकरू "आमचं वेगळं ठरलं होतं" म्हणू शकतो. याच कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि ती केली नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. (अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज आपल्याकडे अजून हटत नाही.)

म्हणून 'दरमहा चालू ठेवू' असं मोघम ठरवण्यापेक्षा १ जूनपासून एक महिन्याचा नवा करार नोंदवलेला बरा. मुद्रांक शुल्क भाडं आणि अनामतीवरचं गृहीत व्याज यांच्या पाव टक्का, म्हणजे इथे नगण्य. शहरात नोंदणी फी हजार रुपये, वर एजंटचा मेहनताना. हा खर्च भाडेकरूने उचलावा, कारण गरज त्याची आहे. करारात दोन गोष्टी स्पष्ट हव्यात: घर आधी सोडलं तर त्या दिवसापर्यंतचंच भाडं रोजच्या हिशेबाने, आणि लॉक-इन नाही. बिल्डरने पुन्हा तारीख बदलली, तर पुढच्या महिन्याचा करार जुना संपण्याआधीच करावा लागेल, हेही काकांना आत्ताच सांगावं.

विचारायचं मात्र मे सुरू होण्याआधी, ब्रोकरने घर दाखवायला सुरुवात करण्यापूर्वी. आणि जूनचं भाडं "अनामतीतून वळतं करा" असं सुचवू नये. भिंतीची ओल, तुटलेला नळ, थकलेलं वीजबिल यांसाठी मालकांच्या हातात तेवढीच रक्कम असते, आणि ती सोडायला सांगितली की मुदतवाढीचं बोलणं तिथेच थांबतं.