पेटी पोचली म्हणजे आंबा पिकला असं नाही: रिव्ह्यू, ओळख आणि दुसऱ्या ऑर्डरची जाहिरात कधी दाखवायची?

मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "ज्यांनी एकदा माल घेतला, त्यांना पुन्हा जाहिरात दाखवायची का? आणि दाखवायची तर किती दिवसांनी?" व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. उदाहरण आपल्या पावसचंच घेऊ, हापूस पेटीचं. दिवस मोजायची चूक या धंद्यात सगळ्यात लवकर उघडी पडते.

घड्याळ कुठून सुरू करायचं?

बहुतेक जण ऑर्डरच्या तारखेपासून दिवस मोजतात. थोडे हुशार असतात ते डिलिव्हरीपासून मोजतात. हापूसमध्ये दोन्ही चुकतं.

आपण पार्सलने आंबा पाठवतो तो अर्धा पिकलेला, नाहीतर कडक. गिऱ्हाइकाच्या घरी पेंढ्यात चार ते सात दिवसांत तो तयार होतो. ऊन जास्त असेल तर लवकर, ढगाळ असेल तर उशिरा. शिवाय हापूसमध्ये साका निघू शकतो. वरून फळ सोन्यासारखं दिसतं आणि आत गर पांढरट, स्पंजासारखा असतो. कापल्याशिवाय तो ना तुम्हाला कळत, ना गिऱ्हाइकाला. म्हणजे पेटी हातात आली त्या दिवशी गिऱ्हाइकाकडे मालाबद्दल मतच नसतं. त्या दिवशी रिव्ह्यू मागितलात तर तो कुरिअरवाल्याचा रिव्ह्यू येतो.

हे ओळखायची सोपी खूण सांगतो. तुमचे गेल्या सीझनचे रिव्ह्यू उघडा. "पॅकिंग छान", "वेळेत मिळालं" एवढंच दिसत असेल आणि चव, साल, साका, पेटीतले किती खराब निघाले याबद्दल कोणी काही लिहिलं नसेल, तर तुम्ही लवकर मागितलंय. नवीन गिऱ्हाईक मात्र नेमकं तेच शोधत असतं. हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळालं, तरी बाहेरचा आंबा रत्नागिरीच्या नावाने विकला जातो, ही धास्ती पुणे-मुंबईच्या माणसाला असतेच. "कापून बघितला, साका नाही" असं कोणीतरी लिहिलेलं त्याला वाचायचं असतं.

म्हणून घड्याळ सुरू करायचं पेटी गाडीत चढली त्या दिवशी, आणि पहिली मागणी करायची आंबा कापून झाल्यावर.

एका गिऱ्हाइकाचा हिशेब

समजा, पुण्याच्या एका ताईंनी २ एप्रिलला दोन डझनाची पेटी बुक केली. माल तयार नव्हता, पेटी पावसहून निघाली १४ एप्रिलला. १६ ला पोचली, २० च्या आसपास आंबा पिकला, पुढच्या दोन-तीन दिवसांत घरात आमरस झाला.

आता वेबसाइटच्या पिक्सेलवर "खरेदीनंतर ९ दिवसांनी रिव्ह्यू" असं लावलं असतं, तर जाहिरात दिसली असती ११ एप्रिलला. पेटी अजून बागेतच! जाहिरातीखाली ताईंची कमेंट आली असती: "अहो, आधी आंबे तर पाठवा." बुकिंगच्या धंद्यात पिक्सेलची तारीख उपयोगाची नाही, डिस्पॅचची तारीख धरावी लागते. धरल्यावर असं दिसतं:

डिस्पॅचपासून पहिले ८ दिवस, म्हणजे २२ एप्रिलपर्यंत, काहीच मागायचं नाही. फक्त एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज: पेटी उघडून ठेवा, फ्रीजमध्ये घालू नका, साका निघाला तर फोटो पाठवा.

९ ते १३ वा दिवस, २३ ते २७ एप्रिल: रिव्ह्यूची जाहिरात.

१४ ते २७ वा दिवस, २८ एप्रिल ते ११ मे: दुसरी ऑर्डर किंवा ओळखीच्यांना सांगा, ही जाहिरात. पाच डझनाची पेटी असेल तर हे चार-पाच दिवस पुढे ढकला, कारण घरात आंबा शिल्लक असताना कोणी नवी पेटी घेत नाही.

त्यानंतर थांबायचं.

वही ठेवायची कशी

गूगल शीटमध्ये A मध्ये नाव, B मध्ये फोन, C मध्ये डिस्पॅचची तारीख, D मध्ये तक्रार. तक्रार चालू असेल तर D मध्ये open लिहा, नाहीतर कोरं सोडा. E मध्ये हे टाका:

```
=IF(D2="open","थांबा",IF(TODAY()-C2<9,"थांबा",
IF(TODAY()-C2<14,"रिव्ह्यू",IF(TODAY()-C2<28,"पुन्हा","थांबा"))))
```

रोज सकाळी शीट स्वतःच सांगते कोण कुठल्या टप्प्यात आहे. दर दोन-तीन दिवसांनी "रिव्ह्यू" आणि "पुन्हा" अशा दोन याद्या वेगळ्या काढा आणि Meta Ads Manager मध्ये Custom audience म्हणून चढवा. फोन नंबर देशाच्या कोडसकट हवा:

```
phone,country
9198XXXXXXXX,IN
```

इथे दोन गोष्टींवर लोक अडकतात. पहिली, यादी आपोआप पुढे सरकत नाही. जुनी नावं काढून नवी घालणं तुमचं काम, आणि बदल लागू व्हायला काही तास, कधी एक दिवस जातो. दुसरी, Advantage+ audience चालू असेल तर तुमची यादी मेटा नुसती सूचना म्हणून धरतं आणि जाहिरात बाहेरच्यांनाही दाखवतं. ज्याने तुमचा आंबा पाहिलाच नाही त्याला "कसा वाटला आंबा?" विचारलं जातं. म्हणून या जाहिरातींसाठी ती सोय बंद करून फक्त यादीवर चालवा.

आणि नंबर वापरण्याआधी गिऱ्हाइकाला ऑर्डरच्या वेळीच सांगा, की यावर पुढची माहिती येईल. नको म्हणाला तर नाव यादीत घालू नका.

वगळायचं कोणाला, आणि किती दिवस

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. हापूसचा भाव सीझनभर उतरत जातो. मार्च-एप्रिलमध्ये ज्यांनी चढ्या भावाने पेटी घेतली, त्यांना मे महिन्यात तुमचीच "नवीन ग्राहकांसाठी खास भाव" ही जाहिरात दिसली तर? आंबा कितीही गोड असू दे, माणसाला फसल्यासारखं वाटतं. आणि तो रिव्ह्यू लिहायला तुमच्या आठवणीची वाट बघत नाही.

म्हणून सीझनच्या सगळ्या खरेदीदारांची एक मोठी यादी करा आणि नवीन गिऱ्हाइकांच्या प्रत्येक जाहिरातीत ती Exclude मध्ये टाका. दहा दिवस नाही, सीझन संपेपर्यंत. त्यांना कमी भाव कळायचाच असेल तर तो तुमच्या दुसऱ्या ऑर्डरच्या जाहिरातीतून कळू दे, कारणासकट: "मे महिन्याचा माल वाढला, भाव उतरला. आधी घेतलेल्यांना पहिली संधी."

आता तक्रारवाल्यांचं. साका निघाला, फोटो आला, D मध्ये open. तोपर्यंत त्यांना काही दाखवू नका. बदली पेटी पाठवली की C मध्ये नवी तारीख घाला, D कोरं करा, त्यांचं घड्याळ पुन्हा सुरू. पैसे परत केले असतील तर रिव्ह्यूची लिंक त्यांना स्वतः पाठवा.

हे मुद्दाम सांगतोय. "खूश असलेल्यांनाच रिव्ह्यू मागा" हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. गूगलच्या नियमात ते बसत नाही. निवडून चांगलेच रिव्ह्यू मागणं आणि रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देणं, दोन्हीला मनाई आहे. नाराज गिऱ्हाइकाला आपण थांबवतो ते तक्रार सुटेपर्यंत, कायमचं गाळत नाही. साका निघाला आणि चार दिवसांत दुसरी पेटी आली, असं लिहिणारा माणूस तुमच्यासाठी पाच नुसत्या "मस्त आंबे"पेक्षा मोलाचा आहे.

जाहिरातीत काय लिहायचं

रिव्ह्यूच्या जाहिरातीत एकच प्रश्न ठेवा: "पेटीतला आंबा कापून झाला? कसा निघाला ते दोन ओळीत लिहा." बटण थेट गूगलच्या लिंकवर नेऊ नका. इन्स्टाग्रामच्या आत लिंक उघडली की तिथे गूगलचं लॉगिन नसतं, पासवर्ड मागितला जातो आणि माणूस परत फिरतो. त्यापेक्षा बटण व्हॉट्सअ‍ॅपवर न्या आणि तिथे लिंक पाठवा, मग ती फोनच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये किंवा मॅप्समध्ये उघडते. लिंक सगळ्यांना द्या, आधी "आवडला का?" विचारून गाळणी लावू नका.

दुसऱ्या ऑर्डरच्या जाहिरातीत "पुन्हा घ्या" म्हणू नका. आपल्याकडे दुसरी पेटी बहुतेक वेळा दुसऱ्याच्या घरी जाते: लेकीकडे, विहिणीकडे, साहेबांकडे. "या वेळी पेटी कोणाच्या घरी पाठवू?" असं विचारा आणि नवा पत्ता घ्या. ही ऑर्डरही झाली आणि ओळखही, कारण पेटी उघडणारं ते घर पुढच्या वर्षी तुमचं गिऱ्हाईक होऊ शकतं. ओळख करून देणाऱ्याला एखादा डझन दिला तर चालतं, पण ते बक्षीस रिव्ह्यूशी जोडू नका.

यादी लहान असेल तर

मेटाला यादीत निदान शंभर जुळणारी माणसं लागतात, आणि तुमचे सगळे नंबर जुळत नाहीत. रिव्ह्यूच्या पाच दिवसांच्या यादीतही तेवढी माणसं जुळत असतील तर टप्प्याटप्प्याची जाहिरात जमते. महिन्याला साठच पेट्या जात असतील तर त्याच शीटवरून व्हॉट्सअ‍ॅपवर एकेकाला मेसेज करा. वेळापत्रक तेच, खर्च शून्य.

यादी लहान असताना जाहिरात लावलीच, तर Frequency चा रकाना बघत राहा. एकाच माणसाला आठवड्यात तीन-चारदा दिसली की बंद करा.

सीझन संपताना

२० मेला निघालेल्या पेटीचा चौदावा दिवस ३ जूनला येतो. तेव्हा बागेत आंबा नसतो. त्यामुळे मेच्या मध्यानंतरच्या गिऱ्हाइकांना रिव्ह्यू मागा, पण दुसरी मागणी बदला: आमरसाचे डबे, आंबापोळी, कोकम आगळ, जे तुमच्याकडे असेल ते.

आणि एक हिशेब आत्ताच करून ठेवा. पिक्सेलवरून बनलेल्या यादीत माणूस जास्तीत जास्त १८० दिवस राहतो. मे अखेरचं गिऱ्हाईक नोव्हेंबरमध्ये त्यातून गळतं आणि तुमचं बुकिंग सुरू होतं फेब्रुवारी-मार्चला. म्हणजे पुढच्या सीझनला तुमच्याकडे उरते ती फक्त ही शीट. पाऊस सुरू व्हायच्या आधी तिची एक प्रत वेगळी जपून ठेवा.

तुमचा धंदा मसाल्याचा असो की शिवणाचा, C मधली तारीख तीच ठेवा, फक्त ९ च्या जागी तुमचा आकडा घाला: माल निघाल्यापासून गिऱ्हाइकाला तो वापरून मत बनवायला किती दिवस लागतात? दहा जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून विचारलंत तर आकडा सापडेल.