पंजी, सत्ती आणि मधली छक्की

नवरा-बायकोच्या रोजच्या कुरबुरींचा प्रश्न घेऊन कुणी टॅरोच्या टेबलाशी आलं की दोन पानं वारंवार निघताना मी पाहते. एक ‘फाइव्ह ऑफ वाँड्स’ आणि दुसरं ‘सेव्हन ऑफ वाँड्स’. आपल्या पत्त्यांच्या भाषेत काठ्यांची पंजी आणि सत्ती. दोन्ही चित्रांत काठ्या उगारलेल्या आहेत, म्हणून नवशिके वाचक दोन्हींना ‘भांडण’ म्हणून मोकळे होतात. खरं तर ही भांडणाची दोन अगदी वेगळी रूपं आहेत, आणि त्यांतलं आपल्या घरात कोणतं चाललंय हे कळलं नाही तर पुढचा सल्ला हमखास चुकतो.

आज सर्वांत जास्त वापरला जाणारा डेक लंडनमध्ये 1909 साली विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने काढला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. पामेला यांनी रंगभूमीसाठीही काम केलं होतं, आणि त्यांची पानं पाहताना ते जाणवतं. माणसं रंगमंचावर उभी केल्यासारखी दिसतात. कोण कुठे उभं आहे, कुणाचं तोंड कुणाकडे आहे, यातच अर्थ असतो. म्हणून मी पुस्तकातला अर्थ सांगण्याआधी समोरच्या माणसाला चित्र नीट बघायला लावते.

पंजीत पाच तरुण सपाट जमिनीवर आहेत. प्रत्येकाच्या अंगावर वेगळ्या रंगाचे कपडे आणि हातात स्वतःची काठी. काठ्या एकमेकींत अडकल्यात, पण एकही कुणाच्या डोक्यात बसलेली नाही. रक्त नाही, कुणी पडलेलं नाही. वेट यांनीही याला लुटुपुटीची लढाई म्हटलंय आणि सोबत चढाओढीचा अर्थ दिलाय. या चित्रात कुणी वर नाही, कुणी खाली नाही. सगळे एकाच वेळी बोलताहेत आणि कुणी ऐकत नाही, एवढंच.

सत्तीत मात्र एकच माणूस आहे. तो खडकाळ उंचवट्यावर उभा राहून काठी आडवी धरून लढतोय. खालून सहा काठ्या त्याच्यावर उगारल्यात, पण त्या धरणाऱ्यांचे चेहरे चित्रात नाहीतच. माझ्या मते या पानाची सगळी गोष्ट त्या न दिसणाऱ्या चेहऱ्यांत आहे. बचाव करणाऱ्याला काठ्या दिसतात, त्या धरणारी माणसं दिसत नाहीत. त्याच्या पायांकडेही पाहा. एका पायात बूट आहे आणि दुसऱ्या पायात वेगळंच पादत्राण. वेट यांनी त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, पण मला तो माणूस घाईघाईत, बेसावध असताना उठून उभा राहिलेला वाटतो. जोडप्याच्या प्रश्नात हे अगदी चपखल बसतं. साधं ‘दूध आणलंस का?’ विचारलं तरी ज्याला हल्ला झाल्यासारखं वाटतं, तो या खडकावर चढलेला असतो.

यातूनच दोन नेहमीच्या चुका होतात. पंजीत पाच माणसं दिसली की ‘तिसरं कुणीतरी मध्ये पडतंय’ असं सांगायचं, आणि बिचारी सासू किंवा नणंद उगाच आरोपी ठरते. दुसरी चूक अधिक घातक. सत्तीचा पारंपरिक अर्थ धैर्य, म्हणून ‘ठाम राहा, तुमचीच बाजू खरी आहे’ असं सांगायचं. धंद्याच्या किंवा कोर्टाच्या प्रश्नाला तो सल्ला ठीक आहे. घरात मात्र खडकावरच्या माणसाला आणखी वर चढायला सांगितल्यासारखं होतं.

कोणतं रूप चाललंय हे ओळखायला मी एकच गोष्ट विचारते. गेल्या आठवड्यातली तीन भांडणं सांगा. विषय तिन्ही वेळा वेगळे असतील, आणि दोघांना त्यांतला एखादा धड आठवतही नसेल, तर ती पंजी आहे. विषय वेगळे असूनही प्रत्येक भांडण ‘तुला माझी किंमतच नाही’ अशा एकाच वाक्यावर येऊन थांबत असेल, तर सत्ती.

एका जोडप्याची मांडणी सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. डोंबिवलीचं जोडपं, लग्नाला नऊ वर्षं, दोघंही बँकेत. बँका वेगवेगळ्या, पण काम सारखंच. तिला बढती आधी मिळाली, त्याला दोन वर्षांनी. भांडणं गीझर कुणी बंद केला नाही, मुलाच्या वहीवर सही कुणी करायची, कोणती लोकल पकडायला हवी होती, अशांवरून. दोघं एकत्र आली होती, म्हणून प्रत्येकाने स्वतःचं पान स्वतः ओढलं. एकटंच माणूस आलं, तर जोडीदाराच्या जागी आलेलं पान ‘तो मला कसा वाटतो’ एवढंच सांगतं, असं मी आधीच स्पष्ट करते. गैरहजर माणसाच्या मनातलं पत्ते सांगत नाहीत.

मांडणी पाच पानांची होती. पहिलं तिचं, दुसरं त्याचं, तिसरं दोघांच्या मधलं, चौथं न बोललेलं आणि पाचवं पुढचं पाऊल. तिला सत्ती आली. त्याला कप्समधलं चौथं पान, ज्यात एक तरुण झाडाखाली हाताची घडी घालून बसलाय, समोर तीन पेले आहेत आणि ढगातून आलेला हात चौथा पेला पुढे करतोय, पण त्याचं तिकडे लक्ष नाही. मधल्या जागी पंजी. न बोललेल्या जागी पेंटॅकल्सची छक्की, म्हणजे हातात तराजू धरून गरजूंना नाणी वाटणारा सावकार. शेवटी तलवारींमधलं चौथं पान, हात जोडून पहुडलेला योद्धा.

आधी तिचं आणि त्याचं पान शेजारी ठेवून पाहिलं. ती खडकावरून काठ्या परतवतेय, आणि ज्याने त्या उगारल्या असं ती समजते, तो झाडाखाली हाताची घडी घालून बसलाय. ती म्हणाली, “ह्याचं गप्प बसणं हाच टोमणा असतो.” तो म्हणाला, “मी गप्प बसतो, कारण काहीही बोललो तरी हिला ते लागतं.” दोन्ही वाक्यं खरी असू शकतात, हे दोन चित्रं शेजारी असल्यामुळे पटकन दिसलं.

मग मी एक गोष्ट केली, जी पंजी आणि सत्ती एकत्र आली की नेहमी करते. उरलेल्या गठ्ठ्यातून काठ्यांची छक्की शोधून दोघींच्या मध्ये ठेवली. यामागे एक कारण आहे. 1888 मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मंडळाने (वेट आणि पामेला दोघंही त्यात होते) काठ्यांची पाच, सहा आणि सात ही तिन्ही पानं सिंह राशीच्या तीन भागांना जोडली आहेत. पंजी शनीची, नाव ‘संघर्ष’. छक्की गुरूची, नाव ‘विजय’. सत्ती मंगळाची, नाव ‘शौर्य’. म्हणजे तिन्ही एकाच घरातली भावंडं. संघर्ष आणि बचाव दोन्ही मांडणीत असताना विजय मात्र आलेला नसतो, तेव्हा मला विचारावंसं वाटतं की हा विजय गेला कुठे?

छक्कीच्या चित्रात डोक्यावर पुष्पहार घातलेला स्वार घोड्यावरून चाललाय. त्याच्या काठीलाही हार बांधलाय, आणि बाकीचे लोक काठ्या घेऊन सोबत पायी चाललेत. मी दोघांना विचारलं, तुमच्या घरात घोड्यावर कोण आहे? दोघांनी एकाच वेळी बोट दाखवलं. तिने त्याच्याकडे, त्याने तिच्याकडे.

नऊ वर्षं एकमेकांशी चढाओढ करणाऱ्या या दोघांना आपण हरतोय असंच वाटत होतं. बढती तिला आधी मिळाली म्हणून तो तिला जिंकलेली समजत होता. तिला वाटत होतं की घरात त्याचं काम ‘मदत’ म्हणून मोजलं जातं आणि तिचं मोजलंच जात नाही, म्हणजे कौतुकाचा हार त्याच्याच गळ्यात. चौथ्या जागेवरचा तराजू इथे बोलायला लागला. कुणी किती केलं याचा हिशेब दोघं मनात ठेवत होते आणि दोघांच्या वह्या कधी जुळत नव्हत्या. बँकेतली माणसं, त्यांना ही उपमा मला समजावून सांगावी लागली नाही.

पानांचा क्रमही बघावा लागतो. काळाच्या मांडणीत पंजी मागे आणि सत्ती आत्ताच्या जागी असेल, तर खेळकर चिडवाचिडवी हळूहळू मोर्चेबंदी झालीय असं मी वाचते. उलट सत्ती मागे आणि पंजी आत्ता असेल, तर आवाज वाढला असला तरी मला ते बरं वाटतं, कारण खडकावरचं माणूस सपाटीवर उतरलंय. उलट्या पंजीला वेट यांनी कज्जे-खटले आणि फसवणूक असे अर्थ दिलेत. घरगुती प्रश्नात ती मला बहुधा अबोल्यात दिसते. काठ्या खाली ठेवलेल्या नसतात, पाठीमागे लपवलेल्या असतात.

एक मर्यादा मात्र मी कधी ओलांडत नाही. दोन्ही पानं बरोबरीच्या माणसांच्या भांडणाची आहेत. समोरची व्यक्ती उत्तर देताना जोडीदाराच्या चेहऱ्याकडे बघून शब्द बदलत असेल, फोन तपासला जात असेल, पैसे अडवले जात असतील, हात उचलला जात असेल, तर ती सत्ती नाही आणि पंजीही नाही. तेव्हा मी पत्ते बाजूला ठेवते. त्या बाईशी एकटीने बोलते आणि महिला हेल्पलाइनचा 181 हा नंबर देते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे, हेही सांगते. अशा घरात ‘हिशेब सोडून द्या’ म्हणणं म्हणजे तिच्यावरच अन्याय.

डोंबिवलीच्या जोडप्यात तसलं काही नव्हतं. राहिलं होतं शेवटचं पान, पहुडलेला योद्धा. त्याच्या वर भिंतीवर तीन तलवारी टांगलेल्या, चौथी त्याच्या खाली आडवी. मी विचारलं, दिवसात भांडण नेमकं कधी पेटतं? दोघं एकदम म्हणाली, घरी पोचल्यावर पहिल्या अर्ध्या तासात. दोघं लोकलच्या गर्दीतून आलेली, मुलगा दारातच. तेव्हा ठरलं ते एवढंच, की दार उघडल्यापासून अर्धा तास ‘का नाही केलंस’ या अर्थाचा एकही प्रश्न विचारायचा नाही. चहा प्यायचा, कपडे बदलायचे आणि गीझरचं जे काही असेल ते नंतर.

दीड महिन्याने ती एकटीच आली. भांडणं थांबली नव्हती, पण वेळ सरकली होती. आता ती रात्री जेवणानंतर व्हायची आणि त्यांत त्याचा आवाजही असायचा. झाडाखालून उठून तो मैदानात आला होता. त्याच प्रश्नासाठी तिला पुन्हा पानं ओढायची होती. मी नको म्हटलं आणि तीच जुनी मांडणी वहीतून काढून टेबलावर लावली. तिने छक्की उचलून जरा वेळ पाहिली, आणि स्वारासोबत पायी चालणाऱ्या माणसांवर बोट ठेवून म्हणाली, “मला वाटतं, आम्ही दोघंही यांच्यातलेच आहोत.”