पार्सल आणायला निघण्याआधी

पार्सल अडकलं की आपण नकाशात कंपनीचं नाव टाकतो आणि सगळ्यात जवळच्या लाल खुणेकडे गाडी वळवतो. एकाच कुरियर कंपनीच्या खुणा मात्र तीन प्रकारच्या असतात. हब म्हणजे जिथे ट्रक रिकामे होऊन मालाची छाननी होते ते गोदाम. बुकिंग काउंटर म्हणजे बहुधा झेरॉक्सच्या दुकानात थाटलेली फ्रँचायझी, तिथे पार्सल घेतात, देत नाहीत. आणि डिलिव्हरी ब्रँच म्हणजे जिथून तुमच्या भागातली मुलं रोज सकाळी पिशव्या भरून निघतात. आपल्याला गाठायची ती ही तिसरी जागा.

समजा, पत्ता डोंबिवली पूर्वेचा आहे, पिनकोड 421201, आणि ट्रॅकिंगमध्ये शेवटची नोंद भिवंडीची आहे. उत्साहाने भिवंडीला जाऊ नका. तिथल्या गोदामात तुमचं पार्सल शेकडो पार्सलांसोबत एखाद्या मोठ्या गोणीत असतं आणि गेटवरचा वॉचमन सहसा आत सोडतच नाही. डोंबिवलीच्या ब्रँचमध्ये ते पोचल्याची नोंद दिसेपर्यंत थांबणंच बरं. नोंद Out for Delivery अशी असेल तरीही जाऊ नका, कारण त्या वेळी पार्सल ब्रँचमध्ये नसून एखाद्या स्कूटरवर असतं.

ब्रँच कुठली, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकून बघावं. पण तिथला पत्ताही जुना असू शकतो. भाड्याचा गाळा बदलला तरी नोंद तीच राहते. नकाशावर त्या ठिकाणचे अभिप्राय ‘नवीन आधी’ लावून वाचले, तर ‘इथे आता काही नाही’ अशी वैतागलेली ओळ बऱ्याचदा सापडते. सगळ्यात खात्रीचा माणूस म्हणजे आदल्या दिवशी फोन करून गेलेला डिलिव्हरी बॉय. त्याला ‘पत्ता काय?’ असं मोघम विचारू नका. ‘दादा, शटर कशाच्या समोर आहे? पार्सल आत्ता तिथेच आहे ना? काउंटर किती वाजेपर्यंत?’ असं विचारा. जमलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन मागा.

नकाशावर किंवा गुगलवर सापडलेला ‘कस्टमर केअर’ नंबर मात्र जपून वापरा. नकाशावरच्या माहितीत बदल कुणीही सुचवू शकतो आणि भामटे तिथे स्वतःचा नंबर घुसवतात. ‘पत्ता दुरुस्त करायला पाच रुपये भरा’ म्हणून लिंक आली, किंवा *21* ने सुरू होणारा नंबर फिरवायला सांगितला, तर फोन ठेवा. त्या कोडने तुमचे कॉल दुसऱ्याच्या फोनवर वळतात, आणि फोनवरून येणारा ओटीपीही. चुकून फिरवलाच असेल तर ##002# फिरवून ते वळवणं बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर तक्रार नोंदवा.

निघताना ट्रॅकिंग क्रमांक आणि पार्सलवर ज्याचं नाव आहे त्याचं ओळखपत्र सोबत घ्या. दुसऱ्याचं पार्सल आणायचं असेल, तर काय कागद लागतो तेही त्याच फोनवर विचारून ठेवा.