घड्याळ अडकलं, तर आधी रीस्टार्ट, रीसेट शेवटी

28 जानेवारी 2025 रोजी अनेक देशांत गार्मिनची घड्याळं एकाच वेळी बिघडली. पडद्यावर निळा त्रिकोण यायचा आणि घड्याळ तिथेच अडकायचं. काही घड्याळं धावण्याची नोंद सुरू करून जीपीएस लागताच बंद पडायची, आपोआप पुन्हा सुरू व्हायची आणि परत तिथेच येऊन थांबायची. कंपनीने सांगितलेला पहिला उपाय साधा होता. बटण दाबून धरून घड्याळ पूर्ण बंद करा, पुन्हा सुरू करा आणि लगेच फोनमधल्या ॲपशी किंवा संगणकाशी जोडून सिंक करा. घाबरलेल्या काही जणांनी मात्र थेट फॅक्टरी रीसेटचा रस्ता धरला. सिंक न झालेल्या नोंदी त्या रस्त्यावर कायमच्या जातात.

स्मार्टवॉच हाही एक छोटा संगणकच आहे आणि त्यात दोन प्रकारची स्मृती असते. चालू काम जिच्यात होतं ती रॅम म्हणजे शाळेतला फळा, आणि कायमची साठवण म्हणजे वही. सक्तीने रीस्टार्ट केलं की फळा पुसला जातो, वहीला धक्का लागत नाही. फॅक्टरी रीसेट केला की वहीची पानंच कोरी होतात. म्हणूनच एखादं ॲप अडकलं, पडदा बोटाला दाद देईना, ब्लूटूथ गोंधळलं, अशा वेळी रीस्टार्ट पुरतो. पावलांचा इतिहास, झोपेच्या नोंदी, अलार्म, घड्याळाचा चेहरा, पासकोड, फोनशी असलेली जोडणी, सगळं जागेवर राहतं. धोका असतो तो फक्त त्या क्षणी सुरू असलेल्या नोंदीला. धावता धावता रीस्टार्ट केलं, तर ती धाव अर्धवट राहू शकते.

पण घड्याळ सारखं बंद-चालू होत असेल, तर रीस्टार्ट का लागू पडत नाही? कारण दोष बहुतेक वेळा वहीत असतो. सुरू होताना घड्याळ साठवणीतली एखादी फाइल वाचतं, ती खराब असते, घड्याळ कोसळतं, पुन्हा सुरू होतं आणि तीच फाइल पुन्हा वाचतं. गार्मिनच्या त्या घोळात उपग्रहांच्या पुढच्या काही दिवसांच्या स्थितीचा अंदाज देणारी फाइल खराब असल्याचं पुढे आलं. जीपीएसला लवकर सिग्नल मिळावा म्हणून अशी फाइल घड्याळात आधीच उतरवलेली असते. नुसत्या रीस्टार्टने ती बदलत नाही. सिंक झालं की तिच्या जागी नवी येते. म्हणून रीस्टार्टनंतर मिळणाऱ्या त्या थोड्याशा वेळात सिंक करून घेणं, हा त्या उपायाचा खरा गाभा होता.

कोणतं बटण किती वेळ दाबायचं, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. ॲपल वॉचवर बाजूचं बटण आणि गोल फिरणारा क्राउन एकत्र, किमान 10 सेकंद, ॲपलचं चिन्ह दिसेपर्यंत. सॅमसंगच्या गॅलेक्सी वॉचवर दोन्ही बटणं एकत्र, 7 सेकंदांहून जास्त. एकच बटण असलेल्या स्वस्त घड्याळांत बहुधा तेच बटण बराच वेळ दाबून ठेवावं लागतं. तुमच्या मॉडेलची पद्धत माहितीपुस्तिकेतच बघा. एक पथ्य मात्र सगळ्यांना लागू आहे. घड्याळ सॉफ्टवेअर अपडेट करत असेल, पडद्यावर चिन्हाबरोबर प्रगतीचं वर्तुळ दिसत असेल, तर बटणांना हात लावू नका. अपडेट होताना घड्याळ स्वतःहून बंद-चालू होऊ शकतं. ते चार्जरवर ठेवा आणि थांबा.

रीसेटकडे वळण्याआधी बॅटरीचा संशय फेडून घ्या. घड्याळ अर्धा तास चार्जरवर ठेवून बघा. चार्जरवर असताना नीट चालतं, पण मनगटावर घेऊन जीपीएस लावलं किंवा पडदा पूर्ण उजळला की बंद पडतं, असं असेल तर बॅटरी थकलेली असण्याची शक्यता मोठी. जास्त वीज लागताच तिचा दाब खाली येतो. अशा घड्याळाला कितीही वेळा रीसेट केलं तरी ते सुधारत नाही, नोंदी तेवढ्या जातात.

आता रीसेट. यात जातं काय, हे तुमच्या नोंदी आज कुठे आहेत यावर ठरतं. समजा, तुम्ही शेवटचं सिंक शुक्रवारी केलं आणि रविवारी सकाळी लांब धाव घेतली. शुक्रवारपर्यंतचं सगळं फोनच्या ॲपमध्ये किंवा कंपनीच्या खात्यात आहे, रीसेटने त्याला काही होत नाही. रविवारची धाव फक्त घड्याळात आहे. अनेक गार्मिन घड्याळांत ती वाचवायला एक वाट आहे. केबलने घड्याळ संगणकाला जोडलं आणि ते तिथे दिसलं, तर `GARMIN/Activity` या फोल्डरमधल्या फाइल आधी कॉपी करून घ्या. याच घड्याळांच्या मेनूत रीसेटचे दोन वेगळे पर्याय असतात, ते नीट वाचा. `Reset Default Settings` फक्त सेटिंग मूळपदावर आणतो, तुम्ही भरलेली माहिती आणि नोंदी ठेवतो. `Delete Data and Reset Settings` सगळं पुसतो. घड्याळातली गाणी आणि पैसे भरण्याचं वॉलेटही त्यात जातं. पहिल्याने काम भागत असेल, तर दुसऱ्याकडे जाऊच नका.

ॲपल वॉच थोडं प्रतिसाद देत असेल, तर घड्याळावरून पुसण्याऐवजी आयफोनच्या वॉच ॲपमधून `Unpair Apple Watch` हा मार्ग घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्हींत घड्याळ कोरं होतं, पण या मार्गात पुसण्याआधी फोन घड्याळाचा ताजा बॅकअप घेतो. नंतर पुन्हा जोडताना तो परत भरता येतो आणि ॲपची मांडणी, चेहरे, सूचनांच्या सेटिंग, आरोग्याचा इतिहास परत येतो. पासकोड, बँकेची कार्डं आणि हेडफोनसारख्या ब्लूटूथ जोडण्या बॅकअपमध्ये नसतात, त्या नव्याने कराव्या लागतात. घड्याळ फोनला सापडतच नसेल किंवा पासकोड आठवत नसेल, तर ते चार्जरवर ठेवून, बाजूचं बटण बंद करण्याची पट्टी दिसेपर्यंत दाबायचं, मग क्राउन दाबून धरायचा. पुसण्याचा पर्याय तिथे येतो.

रीसेटनेही न जाणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे सॉफ्टवेअरची आवृत्ती. ‘फॅक्टरी’ म्हटलं तरी घड्याळ जुन्या आवृत्तीवर जात नाही, म्हणून नव्या अपडेटमधलाच दोष असेल तर रीसेटनंतरही तो तसाच राहतो. कंपनीच्या पुढच्या दुरुस्तीची वाट बघणं हाच इलाज. दुसरी म्हणजे ॲपलचं ॲक्टिव्हेशन लॉक. घड्याळावरून पुसलं तरी ते मालकाच्या खात्याला बांधलेलंच राहतं. जुनं ॲपल वॉच विकत घेताना विक्रेत्याला तुमच्यासमोर त्याच्या फोनवरून ते अनपेअर करायला सांगा, मगच पैसे द्या.